बारीक अक्षरे

गोदावरी आणि कादवा यांच्या काठी वसलेल्या निफाड तालुक्यात पावसाळा सरत आला, की द्राक्षबागांत गोडी छाटणीची लगबग सुरू होते. कात्रीचे धारदार पाते काडीवरून घसरून बोटावर केव्हा उतरते, हे छाटणाऱ्यास कळतही नाही. म्हणून बहुतेक मळ्यांत प्रथमोपचाराची एक पेटी असते. ती उघडून आत काय आहे हे पाहण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

एका बागाईतदाराच्या मळ्यात हे काम त्याच्या सातवीतल्या मुलीने केले. हा गृहस्थ फवारणीच्या औषधाची चिठ्ठी अत्यंत बारकाईने वाचणारा. डब्यावरील त्रिकोण लाल आहे की हिरवा, फवारणीनंतर किती दिवसांनी द्राक्षे तोडावयाची, हे त्याला तोंडपाठ. पेटीतील बाटलीवरची चिठ्ठी मात्र त्याने कधी वाचली नव्हती. वेलीला जे भाग्य लाभले, ते बोटाला लाभले नव्हते, असेच म्हणावयाचे!

तो दिवस होता २ ऑक्टोबर २०२५. पेटीतून प्रथम निघाली कापसाची गुंडाळी. “नाना, यावर ‘निर्जंतुक’ असे कोठेच लिहिलेले नाही,” मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे रास्त होते. कापूस पांढराशुभ्र दिसला म्हणून तो जंतुरहित असतो असे नाही. शिवाय त्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटून बसतात. जखमेवर प्रत्यक्ष ठेवावयाचे ते जाळीदार कापड, म्हणजे गॉज, आणि त्याच्या पाकिटावर ‘स्टराइल’ हा शब्द असलाच पाहिजे. त्या शब्दाची ग्वाही पाकीट अभंग असेपर्यंतच खरी. पेटीत गॉजचे एक पाकीट होते. त्याची मुदत २०२७ पर्यंत होती. पण फवारणीच्या तुषारांनी त्याचा कागद भिजून सुकला होता आणि एक कड उकलली होती. मुदत शिल्लक असूनही ते बाद करावे लागले, कारण ओलाव्याबरोबर जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते.

मग निघाल्या दोन बाटल्या. पहिलीतील औषध पोव्हिडोन आयोडिन, प्रमाण ५ टक्के. हे तपकिरी द्रावण किरकोळ जखमेवर जसेच्या तसे लावता येते. दुसरीत होते क्लोरोझायलेनॉल, प्रमाण ४.८ टक्के. हे पाण्यात पडताच पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि चिठ्ठीवर सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळल्यावाचून ते जखमेला लावावयाचे नसते. तसेच ओतले, तर कातडी भाजल्यासारखी होते. दोन्ही जंतुनाशकेच, पण एकाची रीत दुसऱ्याला लावली, की औषधच अपाय करते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असते, औषधाचे खरे नाव व प्रमाण बारीक अक्षरांत. उपयोगाचे ते बारीकच.

आयोडिनच्या बाटलीवर मुदत होती ९/२०२५. “सप्टेंबर म्हणजे कोणती तारीख?” नानांनी विचारले. नुसता महिना दिलेला असला, तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरतात. म्हणजे ती बाटली ३० सप्टेंबरलाच संपली होती. १०/२०२५ असते, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत चालली असती. दुसरीची मुदत उरली होती. पण पेटी पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले की ३० अंशांखाली थंड जागी ठेवावे. निफाडच्या चैत्र-वैशाखात तापलेला पत्रा ही अट कोठून पाळणार? छापलेली मुदत ही चिठ्ठीप्रमाणे सांभाळलेल्या औषधाची असते. तीही बाटली बदलली.

नवी खरेदी करताना प्रश्न आला तो कंपनीचा. परिचित नावावर विसंबणे सोपे असते, पण एखादे अक्षर फिरवून तशाच रंगाचे वेष्टन काढणारेही असतात. म्हणून नानांनी प्रत्येक बाटलीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि दोन्ही तारखा पाहिल्या. आणि परवानाधारक दुकानातून पक्के बिल घेतले. पुढे औषधात दोष निघाला, तर बॅच क्रमांक आणि बिल यांवरूनच अन्न व औषध प्रशासनाला माग काढता येतो.

दुकानदाराने जाताना एक गोष्ट बजावली. या बाटल्यांपैकी एकीनेही धनुर्वात टळत नाही. मातीने माखलेल्या कात्रीची जखम खोल असेल, तर ती धुऊन, झाकून दवाखाना गाठावयाचा आणि लशीचे डॉक्टरांना विचारावयाचे.

पेटी आता घरातल्या कोरड्या भिंतीवर, फवारणीच्या औषधांपासून दूर टांगलेली आहे. झाकणाच्या आत मुलीने एक कागद चिकटविला आहे. त्यावर प्रत्येक वस्तूची मुदत लिहिली आहे, आणि जी आधी संपणार ती सर्वांत वर.