ट्रे आवरताना

निमगाव केतकी हे पानमळ्यांचे गाव. विड्याची पाने इथून बाहेरगावी जातात तशी गावातल्या तोंडांतही भरपूर जातात, सोबत चुना आणि बऱ्याचदा तंबाखू. त्यामुळे आमच्या भागात दातांच्या डॉक्टरला गिऱ्हाइकाची वाण नसते. इंदापूर-बारामती रस्त्यावर कुठेही उतरा, एखादी पाटी दिसतेच. दवाखान्यात साधारण दोन माणसे असतात, डॉक्टर आणि एक मुलगी. बारावी झालेली किंवा कॉलेज अर्धवट सोडलेली ही मुलगी नंबर लावते, पैसे घेते, सक्शनची नळी धरते आणि संध्याकाळी सगळे आवरून कुलूप लावते. तिला कुणी असिस्टंट म्हणतात, कुणी नुसतेच 'ती पोरगी'.

१९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये तीन प्रकारच्या लोकांच्या नोंदणीची सोय केलेली होती: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारा डेंटल मेकॅनिक. ही मुलगी त्या तिघांत बसत नाही. तिला शिक्षणाची अट नाही, नोंदणी नाही. जे काही शिकते ते आधीच्या मुलीकडून शिकते, आणि ती आधीची मुलगीही तशीच शिकलेली असते.

माझी भाची अशाच एका दवाखान्यात कामाला होती. मी आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन म्हणून नोकरी केली, आयुष्य दुसऱ्यांचे रक्त हाताळण्यात गेले, म्हणून ती कामाला लागली तेव्हाच तिला चार गोष्टी विचारल्या होत्या. तिला भीती एक्स-रेची वाटत होती. "मामू, रोज चार-पाच एक्स-रे असतात, लग्नानंतर काही त्रास तर नाही ना होणार?" तिच्या अम्मीलाही तीच काळजी.

ही भीती अगदीच हवेतली नाही. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. यंत्र नीट लागले का, हे ते स्वतःचा हात किरणांसमोर धरून पाहायचे. पुढे कॅन्सर झाला, आधी बोटे गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. दवाखान्यात मदतीला बाई नेमणारे पहिले दंतवैद्य म्हणूनही त्यांचेच नाव घेतात. पण आजच्या दाताच्या एक्स-रेत किरण फारच थोडे असतात. बटण दाबताना यंत्रापासून निदान दोन मीटर लांब, किरणांच्या रेषेबाहेर उभे राहिले आणि पेशंटच्या तोंडातली फिल्म कधीही स्वतःच्या बोटाने धरली नाही, की तिच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. लहान मूल फिल्म धरत नसेल तर ती आईने धरायची, असिस्टंटने नाही. आई एकदा धरेल, असिस्टंट रोज धरत बसेल. चांदी भरतानाचा पारा हाही एके काळी मोठा धोका होता. खलात घोटून, कापडात पिळून, तळहातावर घेऊन तो भरायचे. आता आमच्याकडे बहुतेक दातांच्या रंगाचेच सिमेंट भरतात.

मी तिला म्हटले, भ्यायचे तर ट्रेला भी.

लोकांना वाटते, सुई टोचायची ती इंजेक्शन देताना टोचत असेल. डॉक्टरला कधीकधी तशी टोचतेही. असिस्टंटला मात्र काम संपल्यावर टोचते. दात काढून झालेला असतो, पेशंट कापूस चावत बाहेर बसलेला असतो, पुढचा आत येऊन उभा असतो. ट्रेमध्ये रक्ताळलेला कापूस, त्याखाली टोकदार प्रोब, कुठेतरी सुई. तो कापूस मुठीत उचलला की आत काय आहे ते कळतच नाही. दुसरी जागा म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवलेली हत्यारे. गढूळ पाण्यात हात घालून ती चाचपून काढतात. तिसरी जागा तर डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही. दात कोरायच्या मशीनचे टोक, म्हणजे बर, काम झाल्यावर काढले नाही तर स्टँडवर ते बाहेर तोंड करून लटकते. खुर्ची पुसायला वाकले की कोपराखाली ओरखडा. भाचीच्या हातावर असे दोन-तीन जुने व्रण होते. तिला वाटायचे मांजराने ओरबाडले असावे.

सुईवर टोपण परत लावू नका, असे सगळ्या दवाखान्यांत सांगतात. दाताच्या दवाखान्यात ते पूर्ण पाळता येत नाही, कारण बधिरता उतरली तर त्याच पेशंटला त्याच सुईने पुन्हा इंजेक्शन द्यावे लागते. तोवर उघडी सुई ट्रेवर ठेवायची कशी? म्हणून टोपण लावायचे, पण एकाच हाताने. टोपण ट्रेवर आडवे पडलेले असू द्यायचे, दुसरा हात पाठीमागे घ्यायचा, सिरिंज धरलेल्या हाताने सुई टोपणात सरकवायची, उचलायची आणि टोपणाचे बूड ट्रेच्या कडेला टेकवून दाबून बसवायचे. दोन दिवसांत सवय होते. आणि हे ज्याने इंजेक्शन दिले त्यानेच करायचे. वापरलेली सुई डॉक्टरने असिस्टंटच्या हातात द्यायचीच नाही. शेवटी ती सुई पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकणाऱ्या डब्यात जाते. डबा पाऊण भरला की बंद करायचा, कारण भरलेल्या डब्यात सुई कोंबतानाही बोटे जखमी होतात.

भाचीला टोचले ते संध्याकाळी साडेसातला. कापसाखाली सुई होती, पातळ ग्लोव्हमधून उजव्या अंगठ्याजवळ गेली. तिने बोट तोंडात घातले नाही, दाबून रक्त काढायचा प्रयत्नही केला नाही, नळाखाली साबणाने धुतले आणि मला फोन लावला. एवढे तिच्या ध्यानात होते. पिळल्याने काही बाहेर येत नाही, आणि स्पिरिट किंवा ब्लीचने चामडी भाजते एवढेच. डॉक्टर म्हणाले, "उद्या बघू, पेशंट चांगल्या घरचा आहे." माणूस म्हणून ते वाईट नाहीत. पण चांगल्या घराचा रक्ताशी काही संबंध नसतो. केसपेपरवर शुगर आणि बीपी एवढेच विचारलेले होते.

इथे घड्याळ महत्त्वाचे असते. एचआयव्हीची शक्यता अशा टोचण्यात कमी, पेशंटला तो असेल तरी हजारात तीनच्या आसपास. पण त्यावरची गोळी जितक्या लवकर सुरू होईल तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. सुरू केली की अठ्ठावीस दिवस घ्यायची. आम्ही रात्रीच मोटरसायकलवरून सरकारी रुग्णालयात गेलो. ड्युटीवरच्या डॉक्टरने पेशंटचा रिपोर्ट यायची वाट न पाहता पहिला डोस दिला आणि तिचे स्वतःचे रक्तही घेतले. हे रक्त त्याच दिवशी घेणे फार गरजेचे आहे. उद्या काही निघाले तर ते कामावर झाले की आधीपासून होते, हे त्यावरूनच ठरते.

त्या पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. त्याची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तसे करूही नये. तो बिचारा लगेच आला. एचआयव्ही नव्हता, गोळ्या बंद झाल्या. हिपॅटायटिस सी नव्हता. हिपॅटायटिस बी मात्र निघाला, म्हणजे आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. कधी डोळे पिवळे झाले नाहीत, कधी अंथरूण धरले नाही.

दाताच्या दवाखान्यात खरा धाक या विषाणूचा आहे. वाळलेल्या रक्तातही तो आठवडाभर जिवंत राहतो, म्हणजे कालच्या ट्रेवरचा डागही कामाचा. लस न घेतलेल्याला अशा पेशंटची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते, त्या पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर. एचआयव्हीच्या हजारात तीनशेजारी हे आकडे ठेवून पाहा. आणि तिघांपैकी लस आहे ती फक्त याच एकावर.

भाचीचे दोन डोस झाले होते, तिसरा नव्हता. पहिला, मग महिन्याने दुसरा, मग सहाव्या महिन्यात तिसरा, असे ते असतात. तिसरा राहतो त्याला कारण आहे. या नोकऱ्यांत मुली सहा महिने टिकत नाहीत. लग्न ठरते, पगार वाढत नाही, दुसरी जागा मिळते. पहिला डोस एका मालकाने दिलेला, तिसऱ्याची आठवण दुसऱ्याला कोण करून देणार? तिच्या वयाच्या मुलींना लहानपणी ही लस मिळालेलीही नसते. सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ नंतर.

मग तिला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, द्यावे लागले. ते चोवीस तासांत मिळाले तर उत्तम, सात दिवसांपलीकडे अर्थ नाही. तालुक्यात नव्हते, बारामतीत नव्हते. पुण्याहून बर्फात घालून आणले तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. किंमत ऐकून तिची अम्मी गप्प झाली. तीन डोसांचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता. त्याच वेळी दुसऱ्या दंडात लसीचा तिसरा डोस दिला.

पैसे कोणी द्यायचे यावर दवाखान्यात दोन दिवस बोलणे झाले. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सरळ लिहिले आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. खाटा नसलेला दवाखानाही त्यात येतो. मी तो कागद छापून नेला. डॉक्टरांनी तो वाचला आणि इंजेक्शनचे पैसे दिले.

सहा महिने तिची अम्मी तिला वेगळे ताट देत होती. त्याची गरज नव्हती, हा आजार ताटातून पसरत नाही. मी समजावले, डॉक्टरांनी समजावले, तरी ताट वेगळेच राहिले. सहाव्या महिन्यातला रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याच नमुन्यात प्रतिपिंडेही मोजून घेतली. ही मोजणी एरवी तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी करतात, पण इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल तर बाहेरून घातलेली प्रतिपिंडे ओसरेपर्यंत थांबावे लागते. दहाच्या वर आकडा आला की लस लागू पडली असे धरतात. तिचा बराच वर होता.

आता तिथे दुसरी मुलगी आहे. जाड रबरी हातमोजे आले आहेत, भांडी घासायला वापरतात तसले. हत्यारे जाळीच्या ट्रेमध्ये बुडवतात आणि जाळीसकट उचलतात. बर काढल्याशिवाय डॉक्टर खुर्चीवरून उठत नाहीत. सुया स्वतःच डब्यात टाकतात, मग मुलीला हाक मारतात. नव्या मुलीचे दोन डोस झाले आहेत आणि तिसऱ्याची तारीख केसपेपरच्या खणात चिकटवलेली आहे. प्रतिपिंडांच्या तपासणीचे पैसे लॅबला कोण देणार, ते अजून ठरलेले नाही.