पाटली

दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं, की क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणते. समोर भेटतील त्यांना हात जोडून, लांबच्यांना फोनवर. पूर्वी पोस्टकार्डं लिहीत असे. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी, एवढं एकच वाक्य साठ-सत्तर कार्डांवर लिहून हात दुखायचा. त्यात एक कार्ड निपाणीला माझ्या मोठ्या जाऊबाईंना जायचं. त्यांचंही मला यायचं. दोन्ही कार्डांवर तेच वाक्य. आणि आमच्या दोघींमधली गोष्ट त्या वाक्यात मावणारी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

हे मला कळलं ते ठाण्यात, एका बेने इस्राएली काकूंच्या स्वयंपाकघरात.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही बेळगावहून ठाण्याला गेलो आणि नऊ वर्षं राहिलो. शेजारी काका-काकू. घरात आमच्यासारखीच मराठी, जरा अलिबागकडच्या हेलाची. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली. आत धर्मग्रंथातला मजकूर असतो म्हणे. येता-जाता त्या तिला हात लावून बोटं ओठांना लावायच्या. घट बसायच्या सुमाराला त्यांच्या घरातून नारळाच्या दुधाचा आणि वेलचीचा वास यायला लागला, की समजायचं, यांचं नवं वर्ष आलं. रोश हशाना. जुन्या कोकणी बायका त्याला नुसतं 'नव्याचा सण' म्हणायच्या. त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात, म्हणून बहुतेक वर्षी आपलं नवरात्र आणि त्यांचे ते दहा दिवस बरोबरच येतात. कधी महिनाभर मागेपुढे होतं, एवढंच.

वास असायचा तो चिकाच्या हलव्याचा. गहू भिजवून, वाटून, चीक काढायचा, तो नारळाच्या दुधात आणि साखरेत घालून ढवळत बसायचं. दोन-दोन तास हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळी होते किंवा बुडाला लागतं. मी कुरडयांच्या चिकावर वाढलेली, तेव्हा ढवळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्या ढवळण्यातच आमच्या सगळ्या गप्पा झाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकांचा सराव ऐकू यायचा. देवळात शोफार फुंकायचं काम त्यांच्याकडे होतं. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. मला खरं सांगायचं तर पहिल्यांदा ते हातात घेववेना. आम्ही चामड्याची पर्स वापरताना दहा वेळा विचार करणारी माणसं. काकूंनी ओळखलं. म्हणाल्या, "अगं, नको घेऊस. नुसतं ऐक." मग त्यांनी अब्राहमची गोष्ट सांगितली. देवाच्या परीक्षेपोटी तो स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघाला, ऐनवेळी देवाने त्याचा हात थांबवला आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा मुलाच्या जागी गेला. त्या मेंढ्याची आठवण हे शिंग. मला लगेच आपला यशोधर राजा आठवला. त्याने तर पिठाचाच कोंबडा मारला, तरी किती जन्म फेडत बसला! मेंढ्याचं काय, असं माझ्या मनात आलंच. मी बोलले नाही. अजूनही ते मनात आहे, पण गोष्ट सांगायची ती वेगळीच आहे.

काका शिंगाबद्दल फार बारकाईने बोलायचे. गाईचं शिंग चालत नाही, कारण सोन्याचं वासरू करून पुजल्याचं पाप त्याने आठवतं. मेंढ्याचं शिंग वाकडं असावं, माणसाचं मन वाकलेलं असावं तसं. शिंगाच्या आत हाड असतं. शिंग उकळलं की ते सुटून बाहेर येतं आणि वरचं नखासारखं कवच राहतं. टोकाकडचा भाग मात्र भरीव असतो. तो कापून, पोकळीपर्यंत भोक पाडायचं, तेच फुंकायचं तोंड. मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंना दिसेल, निदान एवढं तरी लांब हवं. उभी चीर गेली तर शिंग बाद. म्हणून काका दरवर्षी ते उजेडात धरून फिरवून फिरवून बघायचे. वाजवायला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, सगळं ओठांवर. ओठ थकले की नुसती हवा फसफसते. आत वाफेचं पाणी साचलं की आवाज गुरगुरतो. दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वर्षी त्यांची लांब फुंक भर देवळात मध्येच तुटली होती. ती पुन्हा पहिल्यापासून फुंकावी लागली, आणि ते चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

एका वर्षी काकू मला बरोबर घेऊन गेल्या. ठाण्यातलं त्यांचं देऊळ, शाअर हशामाईम, 1879 सालचं. नाव ऐकायला परकं, अर्थ स्वर्गाचं द्वार. डोक्यावर पदर घेऊन मी बायकांत बसले. काकांच्या शेजारी उभा असलेला माणूस हळूच एक-एक शब्द सांगायचा आणि काका त्याप्रमाणे फुंकायचे. तकिया म्हणजे एक लांब सरळ आवाज. शवारिम म्हणजे तीन तुटक, कण्हल्यासारखे. तरुआ म्हणजे नऊ अगदी बारके, हुंदक्यांसारखे. प्रत्येक वेळी आधी सरळ आवाज, मध्ये मोडके, शेवटी पुन्हा सरळ. पहिल्या फेरीत मध्ये कण्हणं आणि हुंदके दोन्ही, तीन वेळा. मग नुसतं कण्हणं तीन वेळा, मग नुसते हुंदके तीन वेळा. बारा, नऊ आणि नऊ, अशा तीस फुंका. प्रार्थनेत पुढे पुढे मिळून शंभर होतात. ऐकताना मी मोजत होते, पण हुंदक्यांपाशी मोजणं राहून गेलं. बाहेर मंडपात गाणी चालली होती, तरी तो आवाज वेगळा कळत होता. त्याला सूर नव्हता. कोणीतरी तोंडात पदर कोंबून रडावं तसा होता.

घरी आल्यावर मी काकूंना तेच म्हणाले. त्या ढवळायच्या थांबल्या. "बरोबर ऐकलंस," म्हणाल्या. त्यांच्या जुन्या पंडितांना प्रश्न पडला होता, की धर्मग्रंथात 'तरुआ' फुंका असं आहे, पण ती वाजायची कशी? अरामी भाषांतरात त्या जागी रडण्याचा शब्द होता. तोच शब्द एका बाईबद्दल आलेला सापडला. ती सिसराची आई. सिसरा हा यांच्यावर चाल करून आलेला सेनापती. लढाईत हरला, पळाला, आणि एका बाईच्या तंबूत झोपेत मारला गेला. त्याची आई खिडकीशी उभी राहून वाट बघते आहे, रथाला उशीर का, म्हणून रडते आहे. आता ती रडली ती कण्हत की हुंदके देत? कोणी म्हणे असं, कोणी म्हणे तसं. सिझेरिया गावच्या रब्बी अबाहूंनी ठरवलं, की शंका नको, दोन्ही फुंकायचे, वेगवेगळे आणि एकत्रही. तीच ती तीन फेऱ्यांची रीत. शंभर फुंका म्हणजे तिच्या शंभर किंकाळ्या, असंही जुन्या टीकेत आहे.

"पण काकू, ती तर शत्रूची आई!"

"म्हणून तर," एवढंच काकू म्हणाल्या, आणि पुन्हा ढवळायला लागल्या.

नव्याच्या सणापासून दहावा दिवस म्हणजे योम किप्पुर. कोकणातलं त्याचं जुनं नाव 'दरफाळणीचा सण', दारं लावून घ्यायचा. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. आपल्याकडच्या निर्जळी उपवासाची मला सवय, म्हणून मला त्याचं नवल नव्हतं. नवल होतं मधल्या दिवसांचं. मी समजत होते की उपवास आणि प्रार्थना केली की पाप धुतलं जातं. काकू म्हणाल्या, "देवाशी चुकलं असेल तर. माणसाशी चुकलं असेल, तर त्याची समजूत काढल्याशिवाय योम किप्पुर काही कामाचा नाही."

आणि समजूत काढायची रीतही ठरलेली आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस नावाच्या पंडिताने ती लिहून ठेवली. घेतलेलं परत द्यायचं, आणि तरीही माफी मागायची. एकदा जाऊन जमलं नाही, तर तीन माणसं बरोबर घेऊन जायचं. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तीनदा गेल्यावरही समोरच्याने माफ केलं नाही, तर मग पाप त्याच्याकडे. ज्याचं आपण वाईट केलं तो मेला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्याशी जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की मी याच्याशी अमुक-अमुक वागलो. माणसाशी केलेली चूक चारचौघांत कबूल करावी, लपवू नये, हेही त्यांचंच सांगणं.

मी विचारलं, "आणि नुसतं, चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हटलं तर?"

काकू हसल्या. "काय चुकलं ते नको सांगायला?"

तेव्हा मी पाटलीची गोष्ट त्यांना सांगितली. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या चार पाटल्यांपैकी एक मिळेना. तेराव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, मी म्हणाले, "कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे होत्या ते सगळ्यांना माहीत आहे." नाव घेतलं नाही. किल्ल्या थोरल्या जाऊबाईंकडे होत्या. त्या उठून आत गेल्या. दोन वर्षांनी ठाण्याला यायचं म्हणून ट्रंक आवरताना सासूबाईंच्या जुन्या शालूच्या घडीत ती पाटली मलाच सापडली. शालू मी स्वतः घरी आणला होता. ह्यांनी ती पाटली मुकाट्याने निपाणीला दिराच्या हातात दिली, आणि विषय संपला, असं आम्ही धरलं. घेतलेलं परत केलं होतं. बोललेलं परत घेतलं नव्हतं. जे वीस-पंचवीस जण तेव्हा बसले होते, त्यांतल्या कितीजणांना पाटली सापडल्याचं कळलं? एकालाही नाही. मी सांगितलंच नाही.

काकूंनी ऐकून घेतलं आणि उपदेश काही केला नाही. हलवा ताटात ओतला, वर बदामाचे काप पेरले, आणि निवल्याशिवाय वड्या पाडू नकोस, एवढं बजावलं.

आम्ही बेळगावला परत आलो, काकू मुलीकडे इस्रायलला गेल्या. पुढे तिकडूनच त्या गेल्याचं कळलं. तरीही माझी दर क्षमावाणीची कार्डं जातच राहिली. पोस्टकार्डं संपली, मोबाईल आला, वाक्य तेच. सांगायला लाज वाटते, पण पंचवीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाच्या बोलणीला मी निपाणीला गेले होते. जेवणं झाली, घरचेच पंधराएक जण बसले होते, त्यांत तेराव्याला हजर असलेले चार-पाच तरी होते. मी उठून म्हणाले, "आईंची पाटली माझ्याच ट्रंकेत निघाली होती. मी ताईंवर आळ घेतला, तो खोटा होता." शब्द तयार करून गेले होते, तरी मध्येच आवाज फुटला. कोणी काही बोललं नाही. एका वन्संनी "आता कशाला ते जुनं" म्हणून सारवासारव केली. जाऊबाई ताट उचलून मोरीकडे गेल्या. मागोमाग गेले तर म्हणाल्या, "भांडी राहू देत, मोलकरीण येते." बस एवढंच.

ही पहिली खेप. या वर्षीही मी गेले. या खेपेला चहा दिला, समोर बसल्या, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलल्या. मी पुन्हा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "मी तेव्हा आत जाऊन किती रडले ते कोणी बघितलं नाही." मी म्हटलं, "बघायला हवं होतं मी." त्या गप्प राहिल्या. निघताना माझ्या पिशवीत घरचे चार नारळ घातले.

तिसरी खेप दिवाळीआधी करायची आहे. गहू कालच भिजत घातलेत. चारपैकी दोन नारळांचं दूध पुरेल असं वाटतं.