नदी म्हणजे नक्की कोणती?

सध्या जेवणं झाली की वीसेक मिनिटं अँकीमध्ये फ्रेंच शब्दांची कार्डं उलटतो. 'बिलोलीत बसून फ्रेंच कशाला?' हा प्रश्न घरात विचारून झाला आहे, त्यामुळे तो सोडून कार्डावर काय लिहावं याबद्दल बोलू.

सोपी पद्धत म्हणजे समोर मराठी शब्द, मागे फ्रेंच. पण 'नदी' घ्या. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणारी नदी म्हणजे 'फ्लव', आणि दुसऱ्या नदीला मिळणारी 'रिव्हिएर'. आपल्याकडून बोधनला जाताना येसगीच्या पुलाखाली लागते ती मांजरा पुढे गोदावरीला मिळते, म्हणून ती रिव्हिएर. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून ती फ्लव. समोर नुसतं 'नदी' लिहिलं तर दोन्ही उत्तरं बरोबर. तरी मागे एकच असतं, म्हणून दुसरं आठवलं की कार्ड 'चुकलं' ठरतं आणि उद्या पुन्हा हजर! पाठ झालेलं कार्ड असं आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर leech, म्हणजे जळू, असा शिक्का मारतं. शिक्का दिसला की आधी प्रश्न तपासावा. बरेचदा दोष स्मरणशक्तीचा नसतो, प्रश्नाचा असतो.

मग कार्ड असं होतं:

```
समोर: मांजरा, गोदावरीला मिळणारी नदी
मागे: une rivière

समोर: गोदावरी, समुद्राला मिळणारी नदी
मागे: un fleuve
```

'परवा'चंही तसंच. आपला एकच शब्द मागेही जातो आणि पुढेही, फ्रेंचमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून एका कार्डावर 'परवा बोधनला गेलो होतो', दुसऱ्यावर 'परवा बोधनला जाणार'. वाक्य पाठ करायचं नाही, ते फक्त दुसऱ्या उत्तराची वाट बंद करतं.

आता लिंग. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपलं घर तिथे स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी, आणि फूल पुन्हा स्त्रीलिंगी. मराठीवरून अंदाज बांधता येत नाही, तेव्हा लिंग शब्दासोबतच पाठ व्हायला हवं. बरीच पुस्तकं le आणि la लावून शब्द देतात, पण स्वरापुढे दोन्हींचं l' होतं आणि लिंग दिसेनासं होतं:

```
l'arbre  →  un arbre   (झाड, पुल्लिंगी)
l'école  →  une école  (शाळा, स्त्रीलिंगी)
```

म्हणून मागे नेहमी un किंवा une. शब्द आठवला पण लिंग चुकलं, तर कार्ड चुकलं असंच धरायचं.

अनेकवचन, दुसरे अर्थ, व्युत्पत्ती हे सगळं मागे कोंबायचा मोह होतो. पण पाचातल्या तीन गोष्टी आठवल्या तर बटण कोणतं दाबायचं? एका कार्डाला एकच प्रश्न. अनेकवचन खरंच अडत असेल तर त्याचं वेगळं कार्ड.

असं एक कार्ड करायला दोन-तीन मिनिटं जातात, त्यामुळे दिवसाला पाचच नवी होतात. असो, पाच तर पाच. पण ती जळू होऊन रोजची वीस मिनिटं पीत बसत नाहीत.