तीन नंबरची लाइन

सोसायटीच्या फलकाचा फोटो कधी नीट येत नाही. काचेत जिन्यातली ट्यूबलाइट उतरलेली असते आणि नेमकी वारावर मोबाइलची सावली पडते. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली ही सूचनाही तशीच. फोटो मोठा करून, मान तिरकी करून वाचली: ‘डाउनटेक लाइन क्र. ३ बदलण्याचे काम असल्याने बुधवारी सकाळी १० ते सायं. ५ पाणीपुरवठा बंद राहील. सभासदांनी सहकार्य करावे.’

शेजारच्या काकू गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. त्यांना हाच फोटो पुढे पाठवला असता, तर त्यांनी घरातली सगळी पिंपं, पातेली, तांबे भरून ठेवले असते. पण गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप खाली येत नाही. उभ्या लाइनी बऱ्याच असतात आणि प्रत्येक लाइन एकाखाली एक आलेल्या त्याच खोल्यांना पाणी देते. एकीवर स्वयंपाकघरं, दुसरीवर न्हाणीघरं. तीन नंबर म्हणजे कुणाचा कोणता नळ, हे सूचनेत नव्हतं. गच्चीतल्या व्हॉल्व्हजवळ ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, आणि तेही प्लंबरलाच कळावं असं. त्याला विचारलं. म्हणाला, “तुमच्या बाजूची किचनं. बाथरूम, संडास चालू राहील.”

मग काकूंना लिहिलं:

“काकू, नमस्कार. बुधवारी दहा ते पाच तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी नसेल. बाथरूमचं सुरू राहील, त्यामुळे फार भरून ठेवायला नको. प्यायचं आणि स्वयंपाकापुरतं तेवढं नऊच्या आत भरा. जड काही उचलू नका, मी सकाळी येतोच. दिवसभर नळ बंदच असू द्या. पाणी आल्यावर आधी गढूळ येईल. ते स्वच्छ होईपर्यंत प्युरिफायरचा कॉक उघडू नका.”

नळ बंद ठेवायचं मुद्दाम लिहिलं. कोरडा नळ माणूस दोनदा फिरवून बघतो आणि तसाच सोडून आत जातो. मग पाणी येतं तेव्हा सिंकमध्ये भांडी असतात, जाळी झाकलेली असते, आणि खालच्या घराचं छत ओलं होतं. गढूळ पाण्याचंही तसंच. जुना पाइप कापताना आतला गंज सुटतो, नव्या जोडातला कचरा वाहत येतो, आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

काकूंचं उत्तर लगेच आलं: “बरं झालं कळवलंस. भांडीवालीला सकाळी लवकर बोलावते. पण मशीनचं काय रे?”

मशीन त्यांच्या किचनच्या बाल्कनीत. पुन्हा प्लंबरला फोन केला. तो नळ स्वयंपाकघराच्याच पाइपातून काढलेला, म्हणजे तीन नंबरच. “कपडे गुरुवारी लावा,” एवढंच कळवलं.