रिकामी जागा रिकामी राहू द्या

शेतकऱ्याने फोनवर बोलायचं आणि अर्ज आपोआप भरला जायचा, अशा प्रणाली आता उभ्या राहू लागल्या आहेत. आवाजाचा मजकूर होतो, तो लँग्वेज मॉडेलकडे जातो आणि मॉडेल त्यातून अर्जाचे रकाने भरून देतं. पुढचा प्रोग्रॅम हे रकाने गद्यात वाचू शकत नाही. त्याला ‘जेसन’ नावाच्या ठरावीक मांडणीत उत्तर हवं असतं. प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यासमोर त्याची किंमत, महिरपी कंसात, नेमक्या विरामचिन्हांसह. माझं काम या सांध्यावरचं आहे: मोकळ्या बोलण्याचं बांधेसूद उत्तर करून घेणं, ते तपासणं आणि चुकलं तर पुन्हा मागणं.

या कामातला सर्वात मोठा धोका मोडक्या जेसनचा नाही. तो आहे अगदी व्यवस्थित, पण खोट्या जेसनचा. एक नमुना घेऊन हे सांगतो.

पीक नुकसानीची सूचना घेणारा अर्ज आहे. १७ सप्टेंबरला एक संदेश येतो: “गट नंबर दोनशे चौदा बाय दोन. अडीच एकर सोयाबीन हाय, त्यातलं दीड एकर परवाच्या पावसानं पाण्याखाली गेलं.” अर्जात गट क्रमांक, पेरणीचं क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची तारीख आणि पेरणीची तारीख असे रकाने आहेत. क्षेत्राच्या रकान्यावर ‘हेक्टर’ लिहिलेलं आहे. मॉडेल असं उत्तर देऊ शकतं:

```json
{
  "gat_no": "214/2",
  "perni_kshetra": 2.5,
  "badhit_kshetra": 1.5,
  "ekak": "hectare",
  "nuksan_dinank": "2025-09-19",
  "perni_dinank": "2025-06-15"
}
```

मांडणीत एकही चूक नाही. आकड्यांच्या जागी आकडे आहेत, तारखांच्या जागी तारखा. तरीही सहापैकी चार रकाने चुकले आहेत. अडीच एकराचे अडीच हेक्टर आणि दीड एकराचे दीड हेक्टर झाले. खरं बाधित क्षेत्र सुमारे ०.६१ हेक्टर आहे, म्हणजे नुकसान जवळजवळ अडीचपट दाखवलं गेलं. ‘परवा’ मराठीत मागेही जातो आणि पुढेही. मॉडेलने तो पुढे नेला. आणि पेरणीची तारीख शेतकऱ्याने सांगितलेलीच नाही. सोयाबीन साधारण जूनमध्ये पेरतात, म्हणून मॉडेलने जूनच्या मध्यावरची एक तारीख बसवली.

मांडणीचा प्रश्न आता बऱ्यापैकी सुटला आहे. पूर्वी मॉडेल उत्तराआधी “ही घ्या माहिती” असं वाक्य जोडायचं, शेवटी जास्तीचा स्वल्पविराम टाकायचं, किंवा आकडा देवनागरीत लिहायचं. जेसनमध्ये संख्या 0 ते 9 याच अंकांत लिहावी लागते, १.५ लिहिलं की वाचणारा प्रोग्रॅम थांबतो. त्यावर उपाय असा निघाला: मॉडेल उत्तर लिहिताना दर पावलाला पुढचा तुकडा, म्हणजे टोकन, कोणता असावा याच्या शक्यता मोजतं. आपण रकान्यांचा आराखडा, म्हणजे स्कीमा, आधीच द्यायचा आणि त्यात न बसणाऱ्या टोकनची शक्यता त्या क्षणी शून्य करायची. ‘आउटलाइन्स’सारख्या मुक्त लायब्ररींनी हे केलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने आपल्या सेवेत तशी सोय दिली. उत्तर टोकनमर्यादेमुळे मध्येच तुटलं किंवा मॉडेलने उत्तर द्यायला नकार दिला, एवढे प्रसंग सोडले तर मांडणी आता मोडत नाही. तुटलेलं उत्तर ओळखायला सेवा थांबण्याचं कारण सोबत पाठवते. ते कारण न पाहता अर्धवट जेसनला कंस जोडून ‘दुरुस्त’ करू नये, कारण राहिलेले रकाने त्यात कायमचे हरवतात.

पण या बंधनाची दुसरी बाजू आहे. स्कीमा मॉडेलला जे लिहू देत नाही, ते त्याला माहीत असलं तरी लिहिता येत नाही. नुकसानीच्या कारणांच्या यादीत पूर, गारपीट, कीड आणि वीज एवढेच पर्याय असतील आणि शेतकरी म्हणाला, “रानडुकरांनी लोळवलं,” तर मॉडेलला या चारांपैकी एक निवडावंच लागतं. बाहेर दिसतं ते एक सुबक, वैध उत्तर. म्हणून प्रत्येक यादीत ‘इतर’ हवा आणि ज्याची माहिती बोलण्यात न येण्याची शक्यता आहे अशा प्रत्येक रकान्यात `null`, म्हणजे ‘माहिती नाही’, ही अधिकृत किंमत हवी. अर्जावर जो रकाना तारांकित आहे, तो मॉडेलच्या स्कीमातही सक्तीचा करणं ही मला सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. अर्ज पूर्ण असायला हवा ही कार्यालयाची अट आहे. बोलण्यात ती माहिती होती की नव्हती, ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी सुधारणा म्हणजे किमतीसोबत पुरावा मागायचा. प्रत्येक रकान्यासाठी मॉडेलने आधी शेतकऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे द्यायचे आणि मग किंमत:

```json
{
  "badhit_kshetra": {
    "shabda": "दीड एकर", "mulya": 1.5, "ekak": "acre"
  },
  "perni_dinank": {
    "shabda": null, "mulya": null
  }
}
```

क्रम महत्त्वाचा आहे. मॉडेल डावीकडून उजवीकडे लिहितं. शब्द आधी लिहिले की पुढची किंमत त्या शब्दांना धरून येते. किंमत आधी मागितली तर शब्द नंतर समर्थनासाठी शोधले जातात. एकराचं हेक्टर करण्याचं काम मॉडेलला द्यायचंच नाही. तो गुणाकार आहे, तो प्रोग्रॅमने करावा. गुंठे आले तर ४० गुंठ्यांचा एकर, हेही प्रोग्रॅमनेच पाहावं.

आता पडताळणीला हातात धरायला काहीतरी मिळतं. `shabda` मधला मजकूर मूळ संदेशात सापडतो का, हे प्रोग्रॅम तपासू शकतो. सापडला नाही तर किंमत कितीही पटण्यासारखी असो, रकाना बाद. १५ जून इथेच पकडली जाते, कारण त्या तारखेमागे दाखवायला शब्दच नाहीत. मराठीत ही तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’ मधला र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ हे अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, प्रोग्रॅमला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे तुलनेआधी आपणच ती एका रूपात आणायची. नाहीतर खरे पुरावे खोटे ठरतात आणि विनाकारण फेरप्रयत्न सुरू होतात.

पुराव्यानंतर अर्थाचे नियम येतात: बाधित क्षेत्र पेरणीच्या क्षेत्राहून जास्त नसावं, नुकसानीची तारीख संदेशाच्या तारखेपुढची नसावी. १९ सप्टेंबर इथे अडकते. नुकसानीची तारीख जपण्याचं कारण आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आहे. एका दिवसाचा फरक दावा आत ठेवतो किंवा बाहेर काढतो.

चूक सापडली की पुन्हा मागायचं, पण कसं? तोच प्रश्न तसाच पाठवला तर बहुधा तेच उत्तर येतं. मॉडेलला त्याचं आधीचं उत्तर आणि नेमकी चूक दाखवावी लागते. मी संदेश असा लिहितो: “nuksan_dinank मधली 2025-09-19 ही तारीख संदेशाच्या तारखेच्या (2025-09-17) पुढची आहे. मूळ शब्द पुन्हा पाहा. तारीख ठरवता येत नसेल तर null द्या.” या संदेशातलं शेवटचं वाक्य सर्वात मोलाचं आहे. ते काढून नुसतं “तारीख चुकीची, दुरुस्त करा” म्हटलं तर मॉडेल दुरुस्त करतं, म्हणजे नियमात बसेल अशी कुठलीतरी तारीख देतं. खिडकीवरून अर्ज तीनदा परत आला की माणूसही चौथ्यांदा चालेल ते लिहून मोकळा होतो. आपण फेरप्रयत्नाने सत्य मागतो आहोत की मंजुरी, हे त्या एका वाक्यावर ठरतं.

म्हणून चुकांचे तीन ढीग करावेत. जाळं तुटलं किंवा सेवा गर्दीत असली तर थोडं थांबून तोच प्रश्न पुन्हा पाठवावा. मॉडेलने सांगितलेलं चुकीचं वाचलं, जसं ‘परवा’चं झालं, तर चुकीसह परत विचारावं, दोन फेऱ्या पुरेत, त्यानंतर रकाना माणसाकडे द्यावा. आणि माहिती मुळात सांगितलेलीच नसेल तर मॉडेलला पुन्हा विचारूच नये. शेतकऱ्याला विचारावं: “पेरणी कधी केली?” तो म्हणाला, “पोळ्याच्या आधी दोन महिने,” तर पोळ्याची तारीख दिनदर्शिकेच्या तक्त्यातून घ्यावी आणि अंदाज आहे असा शेरा ठेवावा. शिवाय अर्ज दाखल करण्याची क्रिया या फेऱ्यांच्या बाहेर, सगळं तपासून झाल्यावर एकदाच व्हावी; नाहीतर प्रत्येक फेरीला एकेक अर्ज दाखल होतो.

यानंतरही एक फट उरते. आवाजाचा मजकूर होतानाच ‘दीड’चं ‘अडीच’ झालं असेल तर पुरावा मजकुराशी जुळतो आणि तरी तो चुकीचा असतो. कुठलाही स्कीमा ही चूक पकडू शकत नाही. तिथे एकच उपाय आहे: दाखल करण्यापूर्वी भरलेला अर्ज शेतकऱ्याला त्याच्या भाषेत आणि त्याच्या एककात वाचून दाखवायचा. “दीड एकर, परवा, म्हणजे सोमवारी, बरोबर?” हेक्टर कागदावर राहू द्यावं.

प्रणाली नीट चालते आहे की नाही हे तपासताना बरेच जण पहिल्याच फटक्यात वैध ठरलेल्या उत्तरांचं प्रमाण बघतात. ते शंभर टक्के असलं तरी काही सिद्ध होत नाही. मी रकान्यागणिक दोन गोष्टी बघतो: `null` किती वेळा आलं आणि माणसाने किती वेळा किंमत बदलली. एखाद्या रकान्यात `null` कधीच येत नसेल, किंवा सूचनेत उदाहरण म्हणून दिलेलीच किंमत पुन्हापुन्हा दिसत असेल, तर तिथे मॉडेल रचतं आहे असं खुशाल समजावं.

तुमच्या बँकेत, ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत अशी अर्ज भरणारी प्रणाली कुणी दाखवायला आणली, तर एक चाचणी जरूर घ्या. एक महत्त्वाची गोष्ट मुद्दाम न सांगता बोला आणि तो रकाना बघा. तो रिकामा राहिला आणि प्रणालीने तुम्हाला प्रश्न विचारला तर पुढे बोलणी करा. तो भरलेला दिसला, तर ती प्रणाली घेऊ नका.