पडद्यामागचं सांगू नये

आमच्या उर्दू शाळेच्या सालाना जलशाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे असतं. सहकारी म्हणतात, "सर, तुम्हाला दोन्ही भाषा येतात, तुम्हीच बोला." दोन्ही भाषा येणं हीच अडचण आहे, हे मला पहिल्या वर्षी कळलं. तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाची ओळख मी आधी उर्दूत आणि मग तीच मराठीत करून दिली होती. अठरा कार्यक्रम होते. एका ओळखीला चाळीस सेकंद धरले तरी बारा मिनिटं होतात. दोनदा सांगितल्यावर चोवीस झाली. शेवटचं नाटक सुरू झालं तेव्हा लहान मुलं आईच्या मांडीवर झोपली होती.

आता मी भाषांतर करत नाही. कार्यक्रमाचा विषय एका भाषेत सांगतो आणि वर्ग व मुलांची संख्या दुसऱ्या भाषेत. पाहुणे मराठी असतात, पालक घरी दखनी बोलतात, पण अर्धंअर्धं ऐकूनही सगळ्यांना सगळं कळतं.

दुसरी गोष्ट चुकून शिकलो, आणि तिची आठवण अजून टोचते.

त्या वर्षी सहावीच्या मुलींचं कोळीगीत होतं. मी दणक्यात नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, पण पडदा हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. पहिल्या रांगेतले पाहुणे घड्याळ बघू लागले. मी घाबरलो आणि तोंडाला येईल ते बोललो, "आमच्या मुलींचा मेकअप काही संपत नाही बुवा!" सगळे खळखळून हसले. मलाही हायसं वाटलं. गाणं सुरू झालं तेव्हा पुढची मुलगी मात्र डोळे पुसत नाचत होती.

नंतर समजलं की विंगेत तिची साडी खिळ्यात अडकून फाटली होती. मैत्रिणी पिना लावत होत्या आणि पडद्यापलीकडून माझा विनोद त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सर, हमने मेकअप कियाच नहीं था." मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण पुढच्या वर्षी नाचात नाव दिलं नाही.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पहिला म्हणजे नाव शेवटी. आधी पार्श्वभूमी, मग वर्ग, आणि कार्यक्रमाचं नाव अगदी अखेरच्या शब्दात. विंगेत एक शिक्षिका उभ्या असतात. त्यांची मूठ बंद असेल तर मुलं तयार नाहीत, पंजा उघडला की तयार. पंजा दिसल्याशिवाय मी नाव घेत नाही. एकदा नाव घेतलं की लोक टाळ्या वाजवतात, आणि त्यानंतरची शांतता कशानेच भरून निघत नाही. माझ्या कार्डावर ओळख अशी लिहिलेली असते : "समुंदर से रोज़ी कमानेवालों की ज़िंदगी पर एक नज़र. सहावीच्या बारा मुली घेऊन येत आहेत..." इथे लाल रेघ. रेघेवर थांबून विंगेकडे बघायचं. पंजा दिसला की, "कोळीगीत!"

दुसरा नियम : वेळ काढताना पडद्यामागच्या कुणाबद्दलही बोलायचं नाही. मुलांवर नाही, साउंडवाल्यावरही नाही. बोलायचं ते समोर बसलेल्यांशी.

त्यासाठी खिशात वेगळी पिवळी कार्डं असतात. लांब किस्सा तिथे चालत नाही, कारण पंजा मध्येच उघडला तर किस्सा अर्धवट सोडावा लागतो. कधीही तोडता येईल अशी गोष्ट हवी. माझा हुकमी खेळ शब्दांचा आहे. मी विचारतो, "मराठीत खुर्ची, उर्दूत?" मंडपातून आवाज येतो, "कुर्सी!" "कागद?" "काग़ज़!" "तारीख?" यावर सगळे गोंधळतात आणि मग हसतात, कारण तो शब्द दोन्हीकडे तोच. एका शब्दाला दहा सेकंद लागतात. पंजा उघडला की तिथेच थांबायचं.

पेनड्राइव्ह चाललाच नाही, असा मोठा खोळंबा झाला तर अर्थ बदललेले शब्द काढतो. उर्दूत फ़ाज़िल म्हणजे विद्वान, मराठीत फाजील म्हणजे नको तितका. यावर पालक शिक्षकांकडे बघून हसतात, ते चालतं, शिक्षक मोठे आहेत. सगळ्यात शेवटी ठेवतो तो शब्द शिकस्त. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे होता होईल तेवढी धडपड.

गेल्या वर्षी हे सांगत असताना माझी नजर विंगेकडे होती. मूठ बंद होती, आत कुणाचं तरी काहीतरी सुटलं असणार. काय ते मी विचारलं नाही. मंडपाला पुढचा शब्द विचारला.