‘बौद्ध’ हा शब्द चौतीस वर्षे आधी आला असता तर...

इतिहासाच्या अभ्यासकाने ‘जर-तर’च्या वाटेला जाऊ नये, असे म्हणतात. तरीही एक ‘जर’ मला सोडवत नाही. राजे, लढाया, सत्तांतरे यांच्याशी त्याचा संबंध नाही. तो कायद्यातील एका शब्दाचा आहे.

1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नसे. अपवाद होता तो पंजाबातील काही शीख जातींचा. सप्टेंबर 1956 मध्ये संसदेने ही अट सुधारली आणि ‘हिंदू किंवा शीख’ असे शब्द घातले. बाबासाहेबांचा धर्मांतराचा मनोदय तोवर जाहीर झालेला होता. तरी तिसरा शब्द आला नाही. पुढच्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला, नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. ‘बौद्ध’ हा शब्द आदेशात आला तो 1990 मध्ये.

तो 1956 मध्येच आला असता असे समजू. बाकी सारे होते तसेच ठेवू.

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातले घर डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा 1955 मध्ये शाळेत दाखल झाला. दाखलखारीज रजिस्टरात ‘हिंदू-महार’ अशी नोंद झाली. दीक्षेनंतर वडिलांनी घरातले देव्हारे काढले आणि 1958 मध्ये धाकट्याला नाव घालताना अभिमानाने ‘बौद्ध’ सांगितले. एकाच आईची दोन लेकरे, पण कागदावर दोन समाज. दीक्षेच्या दिवशी यवतमाळ मध्य प्रदेशात होते. 1 नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती लागू केल्या, त्यामुळे धाकटा मॅट्रिक झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होऊ शकला. मात्र टपाल, रेल्वे आणि केंद्राची इतर खाती यांच्या राखीव जागांचा अर्ज त्याला भरता येत नव्हता. थोरल्याला जुन्या दाखल्यावर तो भरता आला. आपल्या समाजात एका पिढीतले इतके जण गुरुजी का झाले, याचे एक उत्तर मला या फरकात दिसते.

पण थोरल्यालाही नोकरी फुकट मिळाली नाही. घरी त्रिशरण-पंचशील आणि कचेरीत ‘हिंदू’, हे ओझे त्याने निवृत्तीपर्यंत वाहिले. उघडपणे बौद्ध म्हणवून घेण्याची जोखीम काल्पनिक नव्हती. 1962 च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची आमदारकी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन रद्द ठरली, कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याचे सिद्ध झाले. आमदाराचे असे झाले, तेथे टपालखात्यातल्या कारकुनाने काय करावे?

तो शब्द वेळेवर आला असता तर धाकट्यानेही तोच अर्ज भरला असता. जागा मिळालीच असती असे नाही. राखीव जागा रिकाम्या ठेवण्याची रीत तेव्हाही होती. परंतु दोघे भाऊ एकाच रांगेत उभे राहिले असते, आणि मुलाचे नाव घालायला शाळेत गेलेल्या बापाला धर्म की भाकरी अशी निवड करावी लागली नसती. महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्ध अवघे अडीच हजारांच्या आसपास होते, 1961 मध्ये सत्तावीस लाखांहून अधिक. भीतीपोटी ‘हिंदू’ लिहिणारे त्यात मिळवले असते तर आकडा किती झाला असता, याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

सगळेच पालटले असते असे मात्र मी म्हणणार नाही. भूमिहीनाला शेत मिळाले नसते. कापसाचा भाव वाढला नसता. जुन्या जातीचा उल्लेखही टळला नसता, कारण अनुसूचित जातींची यादी जातींचीच आहे. आजही नातवंडांच्या जात पडताळणीसाठी आपण 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधत फिरतो आणि पणजोबांच्या नोंदीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढतो. ते हेलपाटे तसेच राहिले असते.

आणखी एक बाजू आहे, ती माझ्या सहकाऱ्यांना पटत नाही. सवलत शाबूत राहणार असती, तर दीक्षा घेणाऱ्यांत इतर अनुसूचित जातींची घरेही कदाचित अधिक दिसली असती. पण मग ‘सवलतीसाठी बौद्ध झाले’ असा आरोप आपल्या वडीलधाऱ्यांवर करायला विरोधकांना वाव मिळाला असता. आज तो कोणी करू शकत नाही. त्यांनी पदरची भाकर पणाला लावून दीक्षा घेतली, याला शाळाशाळांतली ती रजिस्टरे साक्षी आहेत. धाकट्याच्या नावापुढचा ‘बौद्ध’ हा शब्द त्यांत कोण्या गुरुजींनी दौतीच्या शाईने लिहिला आहे. पाने पिवळी पडली, अक्षर अजून वाचता येते.